पिवळ्या रंगाच्या निमित्ताने : एका प्रतिक्रियेला उत्तर

एचएसएल, म्हणजे ह्यू, सॅच्युरेशन आणि लाइटनेस या तीन आकड्यांनी रंग मांडायची पद्धत, वापरून एकाच ह्यूवरून वेबसाइटीच्या सगळ्या छटा काढणारे सूत्र मी एका लेखात दिले होते. त्यावर ही प्रतिक्रिया आली :

> «तुमचे सूत्र निळ्यावर छान दिसते, कारण तुम्ही उदाहरणाला निळाच निवडला. पिवळ्यावर लावा, पांढरी अक्षरे दिसणारही नाहीत. शिवाय .theme-yellow मध्ये --h बदलला तरी छटा जुन्याच राहतात. ओकेएलसीएच असताना आजही एचएसएल शिकवणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. लिहिण्यापूर्वी एकदा करून तरी पाहायचे.»

आपले शेवटचे वाक्य मी आधी घेते, कारण ते मला लागले. चूक दाखवणे वेगळे आणि समोरच्याने काम न करताच लिहिले असे गृहीत धरणे वेगळे. वेबसाइटींचे रंग ठरवण्याचे काम मी अकरा वर्षे करते आहे. त्यातली पहिली तीन वर्षे प्रत्येक छटेचा हेक्स कोड हाताने निवडून वहीत उतरवण्यात गेली. ग्राहकाने ब्रँडचा रंग जरासा बदलला की चाळीस-पन्नास ठिकाणी शोधाशोध करावी लागे, आणि तरीही एखादी कडा किंवा एखादे होव्हर जुन्याच रंगात राहून जाई. एकाच जागी आकडा बदलून सगळ्या छटा बदलण्याची ही पद्धत मी त्या वहीला कंटाळून शोधली आणि वापरून वापरून घासली आहे. तेव्हा ‘करून तरी पाहायचे’ हे मला सांगायची गरज नव्हती.

आता पिवळ्याविषयी. पिवळ्याने मला आपल्या प्रतिक्रियेच्या पुष्कळ आधी फसवले आहे. एका ग्राहकाचा ब्रँड पिवळा होता. निळ्यासाठी बसवलेल्या सूत्रात मी फक्त ह्यू बदलला आणि काम पाठवून दिले. सहकारी मैत्रिणीने फोन खिडकीपाशी नेला, तेव्हा ‘पुढे जा’ या बटणावरची पांढरी अक्षरे पिवळ्यात विरघळून गेली होती. उरली होती ती फक्त एक पिवळी पट्टी. त्यावर ग्राहकाकडच्या व्यवस्थापकांनी मला जे ऐकवले, त्याचा सूर आपल्या प्रतिक्रियेसारखाच होता. त्या रात्री मी आकडे मांडून बसले. लेखात ते द्यायला हवे होते, म्हणून इथे देते.

लेखातला निळा `hsl(210 80% 45%)` आहे. त्याचे लाल, हिरवा आणि निळा हे घटक अनुक्रमे २३, ११५ आणि २०७ येतात. सॅच्युरेशन आणि लाइटनेस तेच ठेवून ह्यू ५० केला, की पिवळ्याचे घटक २०७, १७६ आणि २३ येतात. दोन्हींत सर्वांत मोठा घटक २०७ आणि सर्वांत लहान २३ आहे, हे पाहावे. एचएसएलमधला लाइटनेस म्हणजे या दोन टोकांची सरासरी, दुसरे काहीही नाही. ती दोन्हीकडे ११५, म्हणजे २५५ च्या ४५ टक्के येते. मधला घटक किती आहे आणि मोठा घटक कोणत्या रंगाचा आहे, हे ती सरासरी विचारतच नाही. डोळा मात्र विचारतो. उजळपणाच्या सूत्रात हिरव्याचे वजन सुमारे ७१.५ टक्के आहे आणि निळ्याचे जेमतेम ७. आपल्या पिवळ्यात हिरवा भरपूर आहे, आणि निळ्यातला मोठा घटक तर ज्याला फारसे वजनच नाही असा. म्हणून पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरे आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचे गुणोत्तर, निळ्यावर ४.४ येतो आणि पिवळ्यावर २.१. साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ लागतो, म्हणजे निळाही अगदी थोडक्यात हुकतो, पिवळा मात्र फारच मागे पडतो. आपले निरीक्षण बरोबर आहे, पण त्याचे कारण सूत्राने केलेली लबाडी नाही. लाइटनेसच्या आकड्याचा अर्थच तेवढा आहे.

उपाय काय, हे आपण सांगितले नाही, तेव्हा मी सांगते. मूळ पिवळ्यावर काळी अक्षरे ठेवली, तर कॉन्ट्रास्ट साडेनऊच्या वर जातो आणि ब्रँडच्या रंगाला हात लावावा लागत नाही. पांढरी अक्षरेच हवी असतील, तर गडद छटा वापरावी लागते. माझ्या सूत्रात गडद छटेचा लाइटनेस मूळ लाइटनेसच्या ०.७ पट, म्हणजे ३१.५ टक्के आहे. तिथे पिवळ्यावर कॉन्ट्रास्ट ४.१६ येतो, म्हणजे थोडक्यात हुकतो. लाइटनेस ३० टक्क्यांवर आणला की ४.५ जेमतेम ओलांडतो, पण रंग शेवाळी, मळकट दिसू लागतो आणि कोणताही ग्राहक त्याला आपला पिवळा म्हणणार नाही. त्यापेक्षा लाइटनेस ३१.५ वरच ठेवून ह्यू ५० वरून ४० वर, म्हणजे नारिंगीकडे सरकवावा. हिरवा घटक १२३ वरून १०२ वर उतरतो, कॉन्ट्रास्ट ५.१ होतो आणि रंग मळका न दिसता मधासारखा दिसतो. पिवळा गडद होताना नारिंगीकडे झुकवावा, हे रंगकाम करणाऱ्या माणसाच्या हाताला माहीत असते. सूत्राला ते सांगावे लागते.

`.theme-yellow` बद्दल मात्र आपण बरोबर आहात, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. मी छटा फक्त `:root` वर घोषित केल्या होत्या. त्या ओळीतला `var(--h)` तिथेच सोडवला जातो आणि खालच्या घटकांना तयार रंग वारशाने मिळतो. मग खाली `--h` कितीही बदला, छटा हलत नाहीत. ज्या निवडकावर ह्यू बदलतो, त्याच निवडकावर छटेची ओळही पुन्हा लागू व्हायला हवी. सरकवलेला ह्यू धरून ती अशी होते:

```css
:root {
  --h: 210; --s: 80%; --l: 45%; --shift: 0;
}
.theme-yellow {
  --h: 50; --shift: -10;
}
:root, .theme-yellow {
  --shade: hsl(calc(var(--h) + var(--shift))
    var(--s) calc(var(--l) * 0.7));
}
```

ही घाईतली चूक होती आणि दुरुस्तीला एक ओळ पुरली. एवढ्यावरून सगळा लेख टाकाऊ ठरवणे मला पटत नाही.

ओकेएलसीएच या रंग मांडायच्या दुसऱ्या पद्धतीबद्दल फार लिहीत नाही. त्यातला लाइटनेस डोळ्याच्या अनुभवाच्या बराच जवळ आहे, आणि २०२३ पासून तो सर्व मोठ्या ब्राउझरांत चालतो. पण त्यात आकडे बेतशीर नसले तर रंग साध्या पडद्याच्या आवाक्याबाहेर जातो आणि ब्राउझर तो आपल्या पद्धतीने जवळच्या रंगावर आणून बसवतो. एचएसएलमधली प्रत्येक छटा त्या आवाक्यातच राहते, आणि ग्राहकाने दिलेला हेक्स कोड त्यात सरळ उतरवता येतो. नव्याने शिकणाऱ्याने आधी हे हाताळावे, असे माझे मत होते आणि आजही आहे. याला आपण बेजबाबदारपणा म्हणता. हा शब्द जपून वापरायला हवा होता.

लेखात दोन बदल केले आहेत : वरचा कोड घातला आहे आणि पिवळ्याचे आकडे निळ्याच्या शेजारी मांडले आहेत. हिरवट-पिवळ्या पट्ट्यात, साधारण ६० ते ८० ह्यूमध्ये, किती अंश सरकवावे लागते ते मी अजून मोजलेले नाही. आपल्याकडे असा एखादा ब्रँडचा रंग असल्यास त्याचा हेक्स कोड पाठवावा, मी आकडे काढून देईन.