‘मॉड्यूलच फालतू’ म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

“तुमचा फायबरवरचा लेख वाचला. अर्धवट माहिती आहे. आता मल्टीमोड कोण वापरतं, सगळीकडे सिंगल मोडच टाकायचा. आणि स्विचने थर्ड पार्टी मॉड्यूल घेतलं नाही याचा अर्थ मॉड्यूलच फालतू असतं, कंपनीला अक्कल आहे म्हणूनच ते रिजेक्ट करते. लोकांना स्वस्त मालाच्या नादी लावू नका. एसीत बसून ब्लॉग लिहिणं सोपं असतं, आधी जरा फिल्डवर या.”

साहेब, कमेंट टाकलीत त्याबद्दल आभार. एरवी एवढं लांब उत्तर मी देत नाही, पण ते एसीचं वाक्य जरा लागलं म्हणून बसलो लिहायला. सोलापुरात मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये शिडीवर उभं राहून, डोळ्यात घाम जात असताना फायबर स्प्लाइस केलाय का कधी? मी केलाय, आणि ब्लॉग सुरू करायच्या कितीतरी आधीपासून करतोय. काकांच्या हाताखाली केबल ओढायला लागलो तेव्हा स्प्लायसिंग मशीनला हात लावायची पण परवानगी नव्हती, नुसतं ड्रम फिरवायचं काम. त्यामुळे फिल्डवर या हे आमंत्रण चुकीच्या पत्त्यावर आलंय. मुद्दा पटला नाही तर तसं सांगा की वो, माणूस कुठं बसून लिहितो हे कशाला काढायचं?

एक गोष्ट मान्य. नवीन केबल टाकणार असाल तर सिंगल मोडच टाका, हे लेखात ठळक लिहायला पाहिजे होतं, ते मी एका ओळीत उरकलं. बरोबर आहे तुमचं. पण ‘मल्टीमोड कोण वापरतं’ याला काय उत्तर देऊ? भिंतीच्या आत आधीच गाडलेली केबल वापरतात लोक. शेठ लोक तुमची कमेंट वाचून फरशी फोडत नाहीत.

आता तुमच्या त्या मधल्या वाक्याकडे येतो, कारण ते नुसतं चुकीचं नाही, त्यानं लोकांचे पैसे जातात. स्विच मॉड्यूल नाकारतो तेव्हा तो लाईट बघतच नाही. एसएफपी, म्हणजे फायबर जोडायचं ते मॉड्यूल, आत सरकवलं की स्विच त्याच्यातली एक छोटी मेमरी चिप वाचतो, २५६ बाइटची. त्यात २० व्या बाइटपासून १६ अक्षरं कंपनीचं नाव, ४० व्या बाइटपासून १६ अक्षरं पार्ट नंबर, ६८ पासून सिरीयल नंबर, आणि मध्ये चेकसम. इथपर्यंत सगळ्यांचं सारखं, स्टँडर्डमध्ये लिहिलेलं. पुढे ९६ ते १२७ या बाइट मात्र कंपनीला मोकळ्या सोडलेल्या आहेत, तिथे काय लिहायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काही कंपन्या तिथे स्वतःची गुप्त सही टाकतात आणि स्विच ती सही जुळते का बघतो. जुळली नाही की पोर्ट बंद. लेझर चांगला आहे का, रिसीव्हर किती बारीक लाईट पकडतो, यातलं काहीच तिथे तपासलं जात नाही. मिलच्या गेटवरचा वॉचमन कार्ड बघून आत सोडतो, तुम्हाला माग चालवता येतो का हे तो विचारत नाही, तसंच आहे हे. म्हणून एक नंबर लेझर असलेलं मॉड्यूल पण नाकारलं जातं, आणि मरायला टेकलेलं मॉड्यूल सही बरोबर असली की आरामात आत जातं. कंपनीला अक्कल आहे हे मलाही मान्य आहे, फक्त ती अक्कल कुठं चालवली ते बघा.

तुम्ही म्हणाल पुस्तकी झालं. मग ऐका इथल्याच एका टॉवेलवाल्यांची गोष्ट, नाव घेत नाही, स्विचच्या कंपनीचं पण घेत नाही. ऑफिसपासून मागच्या डायिंग शेडपर्यंत केशरी रंगाची जुनी मल्टीमोड केबल, जॅकेटवर ६२.५/१२५ छापलेलं, म्हणजे ओएम१. लांबी साधारण १८० मीटर. तिच्यावर १ जीबीची एसएक्स मॉड्यूल वर्षानुवर्षं बिनतक्रार चालू, आणि चालणारच, ओएम१ वर त्याची मर्यादा २७५ मीटर आहे. मग शेडमध्ये कॅमेरे वाढले, दोन्हीकडे नवे १० जीबीचे स्विच आले, आणि सप्लायरनं थर्ड पार्टी १० जीबी एसआर मॉड्यूल दिली. स्विचनं ती घेतली नाहीत, पोर्ट err-disabled. लगेच सगळे तुमच्यासारखंच म्हणाले, मॉड्यूल फालतू. कंपनीची ओरिजिनल मागवली, किंमत ऐकून शेठनी मॅनेजरला झापलं. ती लावली, स्विचनं लगेच घेतली, आणि लिंक तरी पण येईना! आली तर दोन मिनिटांत पडायची.

तेव्हा मला बोलावलं. कारण साधं होतं, पण दोन बिघाड एकावर एक बसले होते म्हणून कुणाला दिसत नव्हतं. पहिला सहीचा, तो ओरिजिनलनं मिटला. दुसरा केबलचा, १० जीबी एसआर ओएम१ वर फक्त ३३ मीटर जातं. ओएम३ वर ३०० जातं, पण इथं ओएम३ नव्हती. ओरिजिनल लावा नाहीतर सोन्याचं लावा, १८० मीटर ओएम१ वर एसआर चालणार नाही.

असं का होतं हे लेखात थोडक्यात होतं, इथं नीट सांगतो. सिंगल मोडचा कोअर साधारण ९ मायक्रॉनचा, त्यात लाईटला जायला एकच वाट असते. ६२.५ मायक्रॉनच्या कोअरमध्ये पुष्कळ वाटा, आणि प्रत्येक वाटेनं पोचायला थोडा वेगळा वेळ. त्यामुळे इकडून सोडलेला एक टोकदार पल्स तिकडे पसरून पोचतो, जितकं अंतर जास्त तितका जास्त पसरतो. १ जीबीला एक बिट ८०० पिकोसेकंदांचा असतो, थोडं पसरलं तरी चालून जातं. १० जीबीला तोच बिट १०० पिकोसेकंदाच्याही आत बसवायचा असतो, मग शेजारचे बिट एकमेकांत मिसळतात आणि रिसीव्हरला शून्य कुठला आणि एक कुठला ते कळत नाही. म्हणून ‘केबल तर इतकी वर्षं चालूच होती’ या युक्तिवादाला काही अर्थ नाही. केबल तीच आहे, तिच्याकडून मागणी दहापट झाली.

मग शेठ म्हणाले एलआर लावून बघू, १० किलोमीटर जातं म्हणतात, इथं १८० मीटर तर आहे. मी म्हटलं ते १० किलोमीटर सिंगल मोडवर, पण त्यांना डोळ्यानं बघायचं होतं. यावेळी त्या स्विचसाठी कोडिंग केलेली, म्हणजे त्याला हवी ती सही मेमरीत लिहिलेली, थर्ड पार्टी एलआर आणली, स्विचनं एका झटक्यात घेतली. लिंक अप! सगळे खूश. मी काउंटर बघत बसलो. आलेली पॉवर उणे ३.९ डीबीएम, एलआरचा रिसीव्हर उणे १४.४ पर्यंत चालतो, म्हणजे लाईट भरपूर. आणि सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडून आलेला डेटा, मात्र धडाधड वाढत होते. ही खूण लक्षात ठेवा. पॉवर कमी असेल तर घाणेरडा कनेक्टर, वाकलेली पॅचकॉर्ड, खराब स्प्लाइस यातलं काहीतरी शोधायचं. पॉवर चांगली असून एरर येत असतील तर लाईट पोचतोय पण पसरून पोचतोय, तिथे कनेक्टर पुसत बसून काही होत नाही. (एलआरएम म्हणून एक प्रकार आहे, तो ओएम१ वर २२० मीटरपर्यंत ओढतो कारण रिसीव्हरकडे पसरलेला पल्स सावरायची सोय असते, पण त्या स्विचचे पोर्ट एलआरएम घेत नव्हते. नाहीतर तो रस्ता होता.)

शेवटी सिक्स कोअर सिंगल मोड नवीन ओढली. तीच थर्ड पार्टी एलआर मॉड्यूल तिच्यावर लावली आणि एरर शून्य. आणि स्विचनं पहिल्यांदा नाकारलेली ती ‘फालतू’ एसआर? मी दुसऱ्या कंपनीच्या स्विचमध्ये, रॅकमधल्या छोट्या ओएम३ पॅचकॉर्डवर लावली, व्यवस्थित चालली. आता सांगा, फालतू काय होतं?

तर पोर्टचा दिवा लागत नाही म्हणून मॉड्यूल कचऱ्यात टाकू नका, आधी स्विच काय म्हणतोय ते वाचा. सिस्कोवर असं बघतात:

```
show interfaces status
show interfaces status err-disabled
show interfaces transceiver detail
```

notconnect दिसलं तर स्विचला मॉड्यूलबद्दल तक्रार नाही, लाईट येत नाही किंवा समोरचा बंद आहे, म्हणजे केबलकडे बघा. err-disabled दिसून कारण gbic-invalid आलं तर भांडण त्या मेमरीवरून आहे, केबलला हात लावू नका. अशा वेळी हे देतात:

```
configure terminal
service unsupported-transceiver
no errdisable detect cause gbic-invalid
```

यातली service unsupported-transceiver ही कमांड प्रश्नचिन्ह दाबून यादीत दिसत नाही, पूर्ण टाईप करावी लागते, आणि टाकल्यावर स्विच एक इशारा छापतो की थर्ड पार्टी मॉड्यूलमुळे बिघाड झाला तर कंपनी हात वर करू शकते. नंतर पोर्ट shutdown, no shutdown करायचा. सगळ्या मॉडेलवर हे चालेलच असं नाही, म्हणून मी आधीच त्या स्विचसाठी कोडिंग केलेला माल मागवतो. त्यातही बघून घ्या, काही कोडिंगवाले एकच सिरीयल नंबर सगळ्या मॉड्यूलमध्ये मारतात, आणि एकाच स्विचमध्ये अशी दोन लावली की काही स्विच दुसरं नाकारतात.

स्वस्त मालाच्या नादी लावतो वगैरे जे लिहिलंय त्याला उत्तर देत नाही, मी मॉड्यूल विकत नाही. ज्यांचा कंपनीशी सपोर्टचा करार आहे त्यांनी एखादी ओरिजिनल जोडी कपाटात ठेवावी, कारण फोन केल्यावर पलीकडचा माणूस पहिलं तेच विचारतो. हे लेखात होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

आणि तुमच्याकडे खरंच असं एखादं ‘फालतू’ मॉड्यूल असेल तर वरच्या पहिल्या तीन कमांडचं आउटपुट आणि केबलच्या जॅकेटवर काय छापलंय ते खाली टाका, रात्री बसून बघतो. फक्त सिरीयल नंबर झाकून टाका.