ब्रेक मारला की हँडल थडथडतं? डिस्क बदलायच्या आधी कोन सेट बघा

बाईकचं हँडल ज्या दोन बेअरिंगवर फिरतं तो कोन सेट. थडथडीची तक्रार घेऊन गेलात की हमखास ऐकू येणारा सल्ला असा:

"ब्रेक मारताना हँडल हलतंय म्हणजे डिस्क वाकडी झाली, सरळ बदलून टाका. कोन सेट गेला असता तर गाडी एका बाजूला खेचली असती. आणि तरी शंका असेल तर वरचा मोठा नट फुल टाइट करा, विषय संपला."

आधी डिस्कचं. डिस्क खरंच वाकडी असेल ना, तर ते लिव्हरवरच्या बोटांना कळतं. लिव्हर चाकाच्या फेऱ्यांच्या तालात बोटांना ढकलत राहतो आणि गाडी हळू झाली की ठोकेही हळू होतात. कोन सेट ढिला असला तर लिव्हर शांत असतो, पण ब्रेक पकडल्या पकडल्या हँडलच्या खाली कुठेतरी एक 'खट्ट' बसतं आणि मग पुढचा भाग थरथरायला लागतो. स्पीडब्रेकरवरून उतरताना पण तीच खट्ट. ब्रेक लागला की रस्ता टायरला मागे ढकलतो, वजन सगळं पुढे येतं आणि हा जोर शॉकअपमधून फ्रेमच्या पुढच्या नळीत जातो, तिथे वर एक आणि खाली एक असे कोन सेटचे दोन बेअरिंग असतात, त्यांच्यात प्ले असेल तर आतला दांडा मागेपुढे डुलतो आणि ती डुलकी हातात येते.

माझा मावसभाऊ कासारवडवलीला राहतो, 150 सीसीची गाडी. गायमुखच्या उतारावर पुढचा ब्रेक मारला की थडथड. एका गॅरेजने डिस्क आणि पॅड दोन्ही बदलून दिले, थडथड जशीच्या तशी. (घोडबंदर रोडचे पावसाळ्यातले खड्डे रोज खाणाऱ्या गाडीचा कोन सेट आधी बघायचा, हे सांगायला लागू नये खरं तर.) बिल्डिंगखाली गाडी मेन स्टँडवर लावली, एकाला मागे दाबून बसवलं म्हणजे पुढचं चाक हवेत. हँडल सरळ ठेवून शॉकअपच्या खालच्या टोकांना दोन्ही हातांनी पकडून पुढे-मागे खेचलं आणि त्याला सांगितलं, खालच्या टीची, म्हणजे दोन्ही शॉकअप धरणाऱ्या आडव्या तुकड्याची, आणि फ्रेमची जी फट आहे ना तिथे बोट ठेव. बोटाखाली फट उघडझाप करत होती, स्पष्ट. हाच प्ले.

इथे एक फसगत होते. शॉकअपचा बुश गेला असेल तरी हाताला असंच टकटक लागतं. म्हणून दुसऱ्यांदा बोट सीलपाशी ठेवायचं, जिथे चकचकीत पाइप आत जातो. हालचाल तिथे सापडली तर कोन सेटला हात लावू नका. चाक आडवं हलत असेल तर चाकाचे बेअरिंग.

आता ते एका बाजूला खेचणं. उलट आहे राव. ढिला कोन सेट गाडी खेचत नाही, खट्ट आणि थरथर देतो. कायम एकाच बाजूला खेचत असेल तर वाकलेला शॉकअप, टी किंवा टायर बघा. कोन सेट जास्त आवळला तर मात्र हँडल आपणहून सरळ होत नाही आणि हळू चालवताना गाडी साप गेल्यासारखी इकडेतिकडे जाते.

म्हणूनच वरचा नट फुल टाइट करणं हा उपाय नाही. बहुतेक गाड्यांत तो नट फक्त लॉक करतो, सेटिंग असतं वरच्या टीच्या खालच्या खाचांच्या रिंग नटमध्ये, त्याला सी पाना लागतो. वरचा नट ढिला करायचा आणि वरच्या टीचे शॉकअपचे पाइप आवळणारे बोल्टही ढिले करायचे. हे बोल्ट लोक विसरतात, मग पाइपांनी पकडलेली टी खाली सरकतच नाही आणि सेटिंग खोटं लागतं. रिंग नट एका वेळी फेरीचा आठवा भाग एवढाच फिरवायचा आणि पुन्हा खेचून बघायचं. प्ले जेमतेम गेला की थांबायचं. मग वरचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, बोल्ट पण, आणि परत चेक, कारण वरचा नट आवळला की सेटिंग थोडं बदलतंच. भावाच्या गाडीत तेच झालं, आधी बरोबर वाटलेलं हँडल नट आवळल्यावर जड झालं, रिंग किंचित मागे घ्यावी लागली.

बरोबर लागलंय हे असं बघा: चाक हवेत, हँडल मधोमध, बोटाने हलकं ढकललं की ते स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत गेलं पाहिजे, दोन्ही बाजूंना. केबल अडत असतील तर त्या बाजूला करून बघा. आणि मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर बेअरिंगच्या गोळ्या ज्या कड्यावर फिरतात त्या रेसवर गोळ्यांचे खड्डे पडलेत. ते कितीही सेट करा, मधे ढिलं वाटेल नाहीतर वळवताना आवळेल, वरचा-खालचा पूर्ण सेट बदलायचा. नवा सेट चालून चालून थोडा बसतो म्हणून पाचेकशे किलोमीटर झाल्यावर तीच बोटाची चाचणी परत करायची.

भावाच्या गाडीत खाच नव्हती, नुसत्या सेटिंगवर गेलं. डिस्कचे पैसे मात्र गेले ते गेलेच.