सनावळी कुठंच गेली नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "ताई, शाळेच्या सर्क्युलरवरचा तुमचा लेख वाचला. मी तीस वर्षं इतिहास शिकवला. सनावळी आणि कलमं पाठ नसतील तर पोट्टे विचार कशावर करतील? पेपरातच उतारा देऊन त्यातून उत्तर काढायचं म्हणजे ही मराठीची परीक्षा झाली. आणि मतं विचारली तर मार्क कसे देणार, ज्याचं अक्षर चांगलं त्याला? तुम्ही शाळेची वकिली करताय असं वाटलं."

सर, नमस्कार. खाली दोन ओळीत उत्तर लिहायला बसले होते पण ते लांबतच गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. वकिलीचं सोडून देऊ, बाकीचे तिन्ही मुद्दे मात्र नीट बोलण्यासारखे आहेत, आणि त्यातला उताऱ्याचा मुद्दा तर मला तुमच्याइतकाच खटकतो.

आधी सनावळी. सर्क्युलरमध्ये आठवीच्या ४० मार्कांपैकी २० मार्क क्षमताधारित, म्हणजे शिकलेलं वापरून दाखवायच्या प्रश्नांना म्हटलेत, तेव्हा निम्मा पेपर अजूनही थेट पुस्तकातलाच आहे. सीबीएसईनं नववी-दहावीला निम्मे मार्क अशा प्रश्नांना आधीच देऊन टाकलेत, तिथूनच हा आकडा आला असावा. पण माझा मुद्दा टक्क्यांचा नाहीच. आपण ज्याला इतकी वर्षं "विचाराचा प्रश्न" म्हणत आलो ना, तो "पुढील विधाने सकारण स्पष्ट करा", तो तरी विचाराचा कुठं राहिलाय सर? विधान स्वाध्यायातलं, कारणं गाईडमधली, एक-दोन-तीन-चार नंबर घालून, आणि चौथं कारण विसरलं की पोरगं पहिलंच शब्द फिरवून परत लिहितं, आपण पण लाल पेन फिरवून पुढं जातो. तेही पाठांतरच होतं, फक्त जरा लांब.

आता उदाहरण घेऊ, आणि आपल्या घरचंच घेऊ. आठवीला डलहौसीची खालसा पद्धत आहे. जुना प्रश्न: "नागपूरचे राज्य कोणत्या साली खालसा झाले?" उत्तर १८५४, एक मार्क, संपलं. त्याचाच क्षमताधारित अवतार म्हणून काही ठिकाणी काय देतात माहितीय का? दहा ओळींचा उतारा, त्यात आठव्या ओळीत "१८५४ मध्ये नागपूर खालसा करण्यात आले", आणि खाली प्रश्न, नागपूर केव्हा खालसा झालं. ह्याला तुम्ही मराठीची परीक्षा म्हणता ते शंभर टक्के बरोबर आहे. कारण हे पोट्टं धडा न वाचता पण सोडवू शकतं.

म्हणून मी स्वतः प्रश्न काढताना दोन गोष्टी तपासते. एक, उतारा हातानं झाकायचा, आणि उत्तर तरीही लिहिता येत असेल तर तो जुनाच पाठांतराचा प्रश्न आहे, उतारा नुसती सजावट. दोन, धडा अजिबात न शिकलेल्या पण मराठी बरं वाचणाऱ्या मुलाला प्रश्न द्यायचा, आणि त्याला पूर्ण मार्क पडत असतील तर ती वाचनाची परीक्षा झाली, इतिहासाची नाही. ह्या दोन्ही वेळा उत्तर अडलं पाहिजे तरच तो प्रश्न पेपरात घ्यायचा. सर्क्युलरमध्ये हे असं कुठंच लिहिलेलं नाही, आणि माझी खरी तक्रार ती आहे.

बघा, असा एक प्रश्न मांडते. उतारा नाही, फक्त छोटा तक्ता:

१८५३ – मुंबई ते ठाणे रेल्वे सुरू
१८५३ – वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात
१८५३ – नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले, मुलगा नव्हता, मागून घेतलेला दत्तक इंग्रजांनी मानला नाही
१८५४ – नागपूर खालसा
१८६७ – रेल्वे नागपूरला पोचली

प्रश्न: "नागपूर खालसा व्हायला वारस नसणं एवढं एकच कारण पुरेसं होतं का? तक्त्यातली निदान एक नोंद आणि तुम्ही शिकलेल्या दुसऱ्या एखाद्या संस्थानाचं उदाहरण वापरून लिहा." चार मार्क.

आता झाका तक्ता. वऱ्हाड आणि रेल्वे हातातून जातात, उत्तर अर्धंच होतं. आता धडा न शिकलेलं मूल घ्या. त्याला दुसरं संस्थान कुठून आठवणार? अवध १८५६ मध्ये खालसा झालं तेव्हा वाजिद अली शाह जिवंत होता, त्याला मुलंही होती, तिथं "कारभार नीट नाही" असं कारण दिलं गेलं. हे तक्त्यात नाही, हे डोक्यातच असायला पाहिजे. म्हणजे सर, पाठांतर लागतंच, उलट जास्त पक्कं लागतं कारण कुठली माहिती इथं कामाची आहे ते पोराला स्वतःच ठरवायचंय, प्रश्नात "अवध" हा शब्द पण नाही.

आणि सनावळीचं म्हणाल तर ह्या प्रश्नात एक खड्डा मुद्दाम ठेवलाय. शेवटची नोंद १८६७ ची आहे. बरीच पोरं लिहिणार की नागपूरला रेल्वे आली, कापूस नेता यायला लागला, म्हणून इंग्रजांनी नागपूर घेतलं. तेरा वर्षं नंतर झालेली गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण कशी होईल? हा मार्क गेला. पण एखादी पोरगी लिहील की रेल्वे मुंबईकडे १८५३ लाच सुरू झाली होती, वऱ्हाड पण त्याच साली हातात आलं होतं, तेव्हा वऱ्हाडाला लागून असलेलं नागपूर त्यांना हवंसं वाटलं असेल. हा अंदाज आहे, पुरावा नाही, पण काळाचा क्रम बरोबर आहे, मार्क द्यायचा. सन पाठ असणं आणि सन वापरता येणं ह्यातला फरक मला इथं दिसतो, आणि जुन्या एका मार्काच्या प्रश्नात तो कधीच दिसला नसता.

आता मार्कांचं, तुमचा तिसरा मुद्दा. मताला मार्क नाहीतच सर. "पुरेसं होतं" लिहा की "नव्हतं" लिहा, त्याचा शून्य. एक मार्क वारस नसल्याचं कारण नेमकं मांडल्याला, एक तक्त्यातली नोंद क्रम सांभाळून जोडल्याला, एक दुसऱ्या संस्थानाच्या उदाहरणाला, आणि एक ह्या सगळ्यातून निष्कर्ष खरंच निघतोय का त्याला. एखाद्यानं उलट बाजू घेतली, की सातारा, झाशी, नागपूर तिन्हीकडे एकच नियम लावला, अवधला कारणच वेगळं सांगितलं, म्हणून नागपूरपुरतं हे कारण पुरेसं आहे, आणि १८५३ ला वऱ्हाड हाती आलं तेही वारसाशी संबंध नसताना, म्हणून ते ह्यात मोजू नये, तर त्यालाही चारपैकी चार. आणि "इंग्रज लोभी होते, त्यांना आपली राज्यं गिळायची होती" असं सुंदर अक्षरात पानभर लिहिणाऱ्याला शून्य, फार तर एक. तपासायला त्रास होतो, हे मान्यच. पन्नास पेपर झाले की पहिल्या आणि पन्नासाव्याला वेगळे मार्क पडायला लागतात, म्हणून निदान पाच-सहा पेपर दोघांनी वेगवेगळे तपासून मग बसून जुळवायला पाहिजेत. ह्याला वेळ कोण देणार ते सर्क्युलरवाल्यांना विचारा, मी पण विचारलंय.

नागरिकशास्त्राचं थोडक्यात सांगते, कारण तिथं गोंधळ वेगळाच आहे. क्षमताधारित म्हटलं की लोकं लगेच "तुम्ही नगरसेवक असता तर काय केले असते?" असे प्रश्न काढतात. मग पोट्टे झाडं लावतात, रस्ते चकाचक करतात, सगळ्यांना तीन मार्क. ह्यात नागरिकशास्त्र कुठाय? निबंध झाला तो. त्यापेक्षा चार साध्या तक्रारी द्या: गल्लीतला कचरा उचलला नाही, जन्मदाखल्यात नाव चुकलं, सायकल चोरीला गेली, पासपोर्ट अडकलाय. कुठली तक्रार कुठल्या शासनाकडे, आणि का. सायकलच्या चोरीत बरीच पोरं अडकतात. "नागपूर शहर पोलीस" म्हणजे शहराचे, शहराची महानगरपालिका, म्हणजे पोलीस महापालिकेचे. वर महापालिकेलाही आयुक्त आणि पोलिसांनाही आयुक्त, मग काय बघता! पोलीस हा राज्यसूचीतला विषय, आणि नागपूरचे पोलीस आयुक्त राज्याच्या गृह खात्याखाली येतात, हे ज्यानं तिन्ही सूच्या घोकल्यात त्यालाही इथं लावता येत नाही. "राज्यसूचीतील दोन विषय लिहा" ह्याला तोच मुलगा पोलीस आणि शेती लिहून दोन मार्क घेऊन जातो. मला ही चूक पेपरात सापडली की बरं वाटतं खरं म्हणजे, कारण दुसऱ्या दिवशी वर्गात काय शिकवायचं ते कळतं.

आता जिथं तुमची बाजू मला पटते ते. आपल्या इकडं मराठी माध्यमाच्या वर्गातही कितीतरी पोरांच्या घरी हिंदी बोलतात. त्यांना इतिहास येतो, पण बारा ओळींचा उतारा वाचण्यातच अर्धा वेळ जातो, मग त्यांचे मार्क कमी पडले तर ते इतिहासात कच्चे की मराठी वाचनात, हे पेपरावरून कळायला मार्ग नाही. म्हणून वर मी तक्ता दिला, उतारा नाही. उतारा द्यायचाच तर ऐंशी-नव्वद शब्दांच्या आत, पुस्तकातल्या शब्दांपेक्षा अवघड शब्द नकोत, आणि एका पेपरात दोनच्या वर नकोत. सर्क्युलरमध्ये उताऱ्याच्या लांबीबद्दल एक ओळ नाही आणि वेळ मात्र जुनाच ठेवलाय, दोन तास. हे काहून असं, मला अजून कोणी सांगितलं नाही.

क्लासवाल्यांनी "क्षमताधारित प्रश्नसंच" छापायला घेतलेच असतील, तेही खरं. नागपूर खालसाचा हाच प्रश्न सहामाहीला येणार असं पोरांना आधी कळलं तर वरची चार मार्कांची उत्तरंही पाठ होतील, आणि मग हा प्रश्न मेला. म्हणून एकदा विचारलेला तक्ता पुढच्या वर्षी वापरायचा नाही, झाशीवर किंवा साताऱ्यावर नवीन काढायचा. कटकट आहे, दर वर्षी आहे.

तुम्ही तीस वर्षं शिकवलंय म्हणून एक विनंती करते सर. तुमच्याकडचे जुने "सकारण स्पष्ट करा" काढा आणि त्यातले चार-पाच असे उलटवून इथंच खाली टाका. शनिवारी पालकसभा आहे, तिथं मी नमुना पेपर आणि त्याची गुणदान योजना दोन्ही मागणार आहे. हातात तुमचे प्रश्न असले तर "मग तुम्हीच काढून दाखवा" म्हणणाऱ्यांसमोर लगेच ठेवता येतील.