एगलेस आहे म्हणून बॅटर चाटू द्यायचं?

«एगलेस केकचं बॅटर मुलांनी चाटलं तर काहीही होत नाही. धोका कच्च्या अंड्याचा असतो, पिठाचा नाही. पीठ कोरडं असतं, त्यात जंतू जगतच नाहीत. आपण लहानपणी कच्च्या कणकेचे गोळे खाल्ले, झालं का काही? हे सगळं परदेशी खूळ आहे. तरीही भीती वाटत असेल तर मैदा एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये फिरवून घ्या, झाला निर्जंतुक!»

गेल्या दोन महिन्यांत हा संदेश माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. त्यातला एक ग्रुप आमच्याच सोसायटीतल्या मुलांच्या बेकिंग वर्गाचा होता. मी अन्नसूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि सुट्टीत भाच्यांबरोबर केकही करते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तर देणं आलं.

अंड्यापासून सुरुवात करू. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, हे खरंच आहे. पण २००९ साली अमेरिकेत तयार कुकी डोमुळे मोठी साथ आली. ३० राज्यांत सत्तरहून जास्त लोक आजारी पडले, आणि त्यांत लहान मुली आणि तरुणी बऱ्याच होत्या. हा डो फ्रीजमध्ये ठेवून विकला जायचा आणि ओव्हनमध्ये भाजण्यासाठी असायचा, पण लोक तो पाकिटातूनच चमच्याने खायचे. त्यातली अंडी पाश्चराइझ केलेली होती. मार्गरीन, साखर, मळी यांच्यावरही कुठे ना कुठे उष्णतेची प्रक्रिया झालेली होती. अशी प्रक्रिया न झालेला मुख्य घटक एकच उरला, तो म्हणजे मैदा. त्या वेळी ठाम पुरावा हाती लागला नाही, पण संशय मैद्यावरच स्थिरावला. सापडलेला जंतूही साल्मोनेला नव्हता. तो शिगा विष बनवणारा ई. कोलाय होता, आणि त्याचं मूळ घर म्हणजे गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, हरणं यांचं आतडं. तो अंड्यातून येत नाही.

संशयाचा पुरावा झाला २०१६ साली. तो तपास कसा झाला ते थोडं सविस्तर सांगते, कारण संदेशातल्या निम्म्या मुद्द्यांचं उत्तर त्यातच आहे.

त्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांतल्या रुग्णांमध्ये ई. कोलाय ओ१२१ हा प्रकार सापडू लागला. सगळ्यांच्या जंतूंचा जनुकीय ठसा इतका सारखा होता की उगम एकच असणार, हे दिसत होतं. मग रुग्णांना नेहमीची प्रश्नावली विचारली गेली: मांस खाल्लं का, कोशिंबीर खाल्ली का, कच्चं दूध प्यायलात का? काही जुळेना. शेवटी तपासनीसांनी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि थोड्या रुग्णांशी मोकळ्या गप्पा मारल्या. त्यांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. या लोकांच्या घरी वरचेवर बेकिंग व्हायचं, आणि बऱ्याच जणांनी कच्चा डो किंवा बॅटर चाखलेलं होतं. काही मुलांनी तर घरी काहीच खाल्लं नव्हतं. ती हॉटेलात गेली होती, आणि जेवण येईपर्यंत रमावीत म्हणून तिथं त्यांना टॉर्टियाच्या कच्च्या पिठाचा गोळा खेळायला दिला होता.

हे वाचताना मला आपल्या स्वयंपाकघरातलं दृश्य आठवलं. आई पोळ्या लाटतेय, आणि पोर शेजारी बसून कणकेचा साप किंवा चिमणी करतंय. मध्येच बोट तोंडात.

पुढे अ‍ॅरिझोना, कोलोरॅडो आणि ओक्लाहोमा इथल्या रुग्णांच्या घरून पिठाच्या उघड्या पिशव्या आणून तपासल्या, तर त्यांत रुग्णांच्या पोटातलाच जंतू निघाला. सगळं पीठ मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या एकाच गिरणीत, २०१५च्या नोव्हेंबरात दळलेलं होतं. कंपनीनं ३१ मे २०१६ रोजी माल परत मागवायला सुरुवात केली. तरीही नवे रुग्ण सप्टेंबरपर्यंत सापडत राहिले. शेवटचा आकडा असा होता: २४ राज्यांत ६३ आजारी, १७ जण दवाखान्यात, एकाच्या मूत्रपिंडावर परिणाम. मृत्यू कुणाचाही झाला नाही.

म्हणजे नोव्हेंबरात दळलेल्या कोरड्या पिठातला जंतू पुढच्या उन्हाळ्यातही माणसाला आजारी पाडत होता. कोरड्या पिठात जंतू वाढत नाही, एवढंच खरं आहे. त्याला वाढायला पाणी लागतं. पण वाढणं वेगळं आणि जगणं वेगळं. पाणी मिळालं नाही की तो निपचित पडून राहतो, आणि तसा महिनोन्‌महिने पडून राहू शकतो. तुम्ही दूध-दही घालून बॅटर फेटलंत की त्याला हवं ते मिळतं. आणि काही ई. कोलाय इतके जहाल असतात की आजारासाठी शंभराहून कमी जंतूही पुरतात. वाढायची वाट बघायला नको.

पिठात तो येतो कुठून? शेतातून. गहू उघड्यावर वाढतो. जनावरं फिरतात, पक्षी बसतात, शेणखत असतं, पाणी कुठलंही असतं. गिरणीत दाणा साफ होतो, मोठ्या गिरण्यांत तो दळण्याआधी ओलवून मुरवतात, मग कोंडा वेगळा निघतो. या सगळ्यात जंतू मरेल अशी पायरी नसते. चक्कीतून आलेलं पीठ हाताला गरम लागतं, पण त्या उष्णतेवर भरवसा ठेवता येत नाही. मैदा पांढरा करायची रसायनंही जंतू मारण्यासाठी नसतात. मैदा, कणीक, रवा हे सगळं कच्चं धान्यच आहे, फक्त बारीक केलेलं. केकच्या तयार प्रीमिक्सचंही तेच. २०२१ साली अमेरिकेत केक मिक्समुळे १२ राज्यांत १६ जण आजारी पडले, आणि त्यांत बहुतेक मुलं होती.

आता लहानपणीच्या कणकेच्या गोळ्यांविषयी. मीही खाल्लेत. झालं नाही, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं असणार, कारण जंतू प्रत्येक पिशवीत नसतो, आणि असला तरी मिठासारखा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. प्रयोगशाळेत साल्मोनेलासाठी आम्ही एका वेळी २५ ग्रॅम पीठ तपासतो. तेवढ्यात काही निघालं नाही म्हणून बाकीचं पोतं शुद्ध आहे, असं कुणी लिहून देत नाही. एकाच भांड्यातलं बॅटर चाटलेल्या दोन भावंडांपैकी एक आजारी पडतो आणि दुसरा खेळत राहतो, त्याचं एक कारण हेच.

दुसरी गोष्ट अशी की झालं असतं तरी कळलं नसतं. हा आजार बहुधा तीन-चार दिवसांनी सुरू होतो, कधी एका दिवसात, कधी दहाव्या दिवशी. रविवारी चाटलेलं उलथनं गुरुवारच्या जुलाबांशी कोण जोडणार? आपण गुरुवारच्या पाणीपुरीला दोष देतो. शौचाच्या नेहमीच्या कल्चरमध्ये हे ई. कोलाय बऱ्याचदा शोधलेच जात नाहीत. अमेरिकेत साथ सापडली, कारण तिथं जनुकीय ठसे एका जागी जमा करून जुळवतात. ज्याला खूळ म्हटलंय ती गोष्ट म्हणजे हे जुळवणं. न्यूझीलंडमध्ये २००८ साली कच्च्या पिठातून साल्मोनेला पसरला आणि कॅनडात २०१६-१७ मध्ये ई. कोलाय, तेही असंच शोधल्यामुळे कळलं.

आणि परंपरेचाच दाखला द्यायचा असेल तर नीट देऊ या. आपल्याकडे पीठ न शिजवता खायचं असेल तेव्हा ते आधी भाजलेलं असतं. मेतकुटाच्या डाळी-तांदूळ भाजून मग दळतात. सातूचं पीठ दूध-गुळात कालवून लगेच खातात, पण दाणे आधी भाजलेले असतात. बेसनलाडूचं पीठ तुपात अर्धा-अर्धा तास परततो. पिठाला खमंग वास सुटतो आणि रंग बदलतो, ती अवस्था शंभर अंशांच्या बरीच वरची असते. ज्या कणकेचे गोळे आपण चोरून खायचो, ते खायला कुणी दिलेले नव्हते. आजी हातावर चापट मारायची, निदान माझी तरी.

मायक्रोवेव्हची सूचना मात्र मला सगळ्यांत काळजीची वाटते, कारण ती सुरक्षित असल्याचा आभास देते. ओलसर पदार्थात सत्तर अंशांना हे जंतू झटपट मरतात. तेच जंतू कोरड्या पिठात असले की त्याच तापमानाला कितीतरी जास्त वेळ टिकतात, कारण कोरडेपणा त्यांना चिवट बनवतो. त्यात मायक्रोवेव्ह सारखा तापवत नाही. वाटीच्या एका कोपऱ्यातलं पीठ करपतं आणि मधलं कोमट राहतं. बाजारात कच्चा खायचा कुकी डो किंवा तो घातलेलं आइस्क्रीम मिळतं, त्यात कारखान्यात मोजून-मापून उष्णता दिलेलं पीठ वापरतात. ते घरच्या वाटीत जमत नाही, म्हणून अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनही घरी पीठ तापवून कच्चं खायचा सल्ला देत नाही. केक भाजताना मात्र पीठ ओलं असतं आणि मधला भाग नव्वदीच्या पुढे जातो. भाजलेल्या केकची काळजी नको. सुरी मधोमध खुपसली की कोरडी बाहेर यावी, एवढं बघा. फ्रीज किंवा फ्रीझरनं जंतू मरत नाहीत, हेही जाता जाता सांगते.

मुलानं चाटलंच असेल तर घाबरून लगेच काही करायचं नाही. बहुतेक वेळा काही होत नाही. पण पुढचे दहा दिवस लक्ष ठेवा. पोटात जोरात मुरडा आणि शौचातून रक्त दिसलं तर डॉक्टरांकडे न्या आणि कच्चं पीठ खाल्ल्याचं आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. घरातली जुलाब थांबवायची गोळी किंवा मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. या जंतूच्या बाबतीत दोन्हींनी प्रकृती बिघडू शकते. या जंतूचं विष रक्तात गेलं तर मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते आणि तांबड्या पेशी फुटतात. पाच वर्षांखालच्या मुलांना हा धोका सर्वांत जास्त. गंमत म्हणजे, अर्थात वाईट अर्थानं, हे बहुधा आठवड्याभरानं, जुलाब ओसरत असताना सुरू होतं. आईवडील सुटलो म्हणतात, आणि मूल मात्र फिकट, मलूल दिसू लागतं. लघवी कमी होते. तेव्हा रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघायची नाही, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं.

आमच्याकडे भाच्याची सोय अशी लावली आहे. लोणी आणि पिठीसाखर फेटून झाली की तो फेटणीचा चमचा त्याचा, मनसोक्त चाटायला. तोवर मैद्याचा डबा उघडायचा नाही. चमचा चाटून झाला की तो धुवायला जातो, मग मी मैदा चाळायला घेते. कणकेची चिमणी करायलाही परवानगी आहे, पण ती तव्यावर भाजायची आणि भाजायला टाकली की साबणानं हात धुवायचे. भाजलेली चिमणी गुळाबरोबर तो आवडीनं खातो.