नदी खोदली की पूर कमी होतो?

«नदीतली रेती काढली की पात्र खोल होतं आणि पुराचं पाणी आत मावतं. खड्ड्यांत पाणी साठून आसपासच्या विहिरीही भरतात. रेती तर दर पावसाळ्यात परत येतेच. उगाच बोंब मारू नका.»

रेती उपशाला विरोध केला की हेच ऐकायला मिळतं. यातला पुराचा हिशोब आधी करू. समजा ठाणे जिल्ह्यात, खडवलीच्या बाजूला भातसा नदीच्या पात्रात ४० मीटर रुंद, ५०० मीटर लांब आणि १ मीटर खोल पट्टा उपसला. म्हणजे २०,००० घनमीटर, साधारण सात हजार ब्रास रेती. पुरात सेकंदाला ५०० घनमीटर पाणी येत असेल, तर तो अख्खा खड्डा ४० सेकंदांत भरतो. तोही रिकामा असेल तर! जूनच्या पहिल्या पावसातच तो काठोकाठ भरलेला असतो, मग जुलैच्या पुराला त्यात जागा कुठली? खालपासून वरपर्यंत सगळं पात्र सारखं रुंद-खोल केलं तर पाणी लवकर वाहून जाईल, हे खरं. पण मधेच केलेला खड्डा ते काम करत नाही. कल्याणच्या खाली खाडीत तर पाण्याची पातळी भरती ठरवते. तिथे तळ कितीही खरवडला तरी भरती खाली बसत नाही. उलट खारं पाणी आणखी आत शिरायला वाट मिळते.

बरं, खड्डा खड्डा म्हणून राहतही नाही. त्याच्या वरच्या अंगाला जी कड असते, तिथे उतार एकदम वाढतो. पाणी तिथून जोरात खाली येतं, कड खातं आणि ती कड दर पावसाळ्यात वरच्या दिशेला सरकत जाते. खालच्या अंगाला वेगळंच घडतं. पाण्यातली रेती खड्ड्यात बसते, पुढे गेलेलं पाणी रेतीवाचून मोकळं होतं आणि पुढच्या तळातली रेती उचलून आपली भूक भागवतं. म्हणजे उपसा एका ठिकाणी, पण तळ दोन्हीकडे खाली जातो. जुन्या पुलाच्या खांबाचा पाया उघडा पडलेला दिसतो, किंवा नाल्याच्या तोंडाशी पूर्वी नसलेली पायरी दिसते, ती यामुळेच.

आता काठ. मातीचा उभा काठ किती उंच टिकेल याचा ढोबळ हिशोब असा: मातीच्या चिकटपणाची चौपट, भागिले तिचं वजन. चिकटपणा १५ किलोपास्कल आणि वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरलं तर उत्तर सव्वातीन मीटरच्या आसपास येतं. भेगा पडल्या की त्याहूनही कमी. अडीच मीटरचा काठ निवांत उभा होता, तळ एका मीटरने खाली गेला, की तोच काठ साडेतीन मीटरचा झाला. वर कुणीही हात लावलेला नसतो. आणि तो बहुधा भर पुरात पडत नाही. पूर असताना नदीचं पाणीच त्याला बाहेरून टेकू देतं. पाणी झपाट्याने उतरलं की टेकू जातो, आतली माती मात्र ओली आणि जड राहते. म्हणून पूर ओसरल्यावर, ऊन पडलेलं असताना दरड कोसळते आणि लोक म्हणतात, आज तर पाऊसही नव्हता. काठावरच्या झाडांची मुळं हवेत लोंबत असतील किंवा काठाला समांतर भेग दिसत असेल, तर तिथून लांब राहा.

विहिरींचा मुद्दा वरवर पटतो, कारण खड्ड्यात पाणी दिसतं. रेतीच्या सच्छिद्रतेतून निथळणारं पाणी साधारण २० टक्के धरा: आपल्या पट्ट्यात ४,००० घनमीटर. खड्ड्यात त्याच्या पाचपट मावतं, मान्य. पण विहिरीला साठा मिळत नाही, पातळी मिळते. आपल्याकडे उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी काठाकडून नदीकडे झिरपतं, आणि नदीतल्या पाण्याची उंची ही त्या सगळ्या साठ्याची तोटी असते. तळाबरोबर ही उंची मीटरभर खाली गेली की काठालगतच्या विहिरीही जवळजवळ तेवढ्याच खाली जातात. ज्या विहिरीत मे महिन्यात हातभर पाणी उरायचं, ती कोरडी. लांबच्या, खडकात खोदलेल्या विहिरींवर परिणाम कमी होतो. त्यांचं दुखणं वेगळं असू शकतं. शिवाय उघडं पाणी उन्हाने उडतं, रेतीखालचं फारसं उडत नाही. आणि खड्ड्याच्या तळाशी बसलेला चिखल पाणी जमिनीत मुरूच देत नाही.

राहिली परत येणारी रेती. ती येते, पण वरून जेवढी सुटते तेवढीच. भातसा आणि बारवीवर धरणं आहेत आणि जड रेती जलाशयातच बसते. खाली जे येतं ते धरणाखालच्या ओढ्यांचं आणि काठ खाऊन आणलेलं. पावसाळ्यानंतर भरलेला दिसणारा खड्डाही एकदा हाताने तपासा: मूठभर उचला, पाण्यात धुवा. रेती असेल तर खर्रकन खाली बसते. पाणी बराच वेळ गढूळ राहिलं, तर तो गाळ आहे. मोजायचंच असेल तर पुलाच्या खांबावर रंगाची एक रेघ मारा आणि तिच्यापासून तळापर्यंतचं अंतर दर वर्षी पावसाळ्याआधी व नंतर टेपने घ्या. तीन-चार वर्षं अंतर वाढतच गेलं, तर उपसा आवकेपेक्षा जास्त आहे. आवकेइतकीच आणि पाण्याच्या पातळीच्या वरचीच रेती काढणाऱ्याशी माझं भांडण नाही. सक्शन पंप लावून पाण्याखालून ओढणाऱ्याशी आहे.