फ्रिज लुकलुकला की गॅस संपला? आत्याला हा शोध महागात पडला

«फ्रिजचा डिस्प्ले लुकलुकायला लागला किंवा E1 असा कोड आला की समजा गॅस संपला. लगेच गॅस भरून घ्या. नाहीतर २४ तास प्लग काढून ठेवा, कोड आपोआप जातो. थंड कमी होत असेल तर सेटिंग सगळ्यात थंडवर करा. मेकॅनिक सेन्सर गेला म्हणाला तर पैसे घालवू नका, सेन्सरच्या दोन वायरी कापून एकमेकींना जोडा, फ्रिज वर्षानुवर्षं चालेल. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

पाठवलंच सगळ्यांनी. आमच्या आत्यापर्यंत ते पोचलं, आणि तिने मला फोन करायच्या आधी गॅसवाल्याला केला. गॅस भरून झाला, पैसे देऊन झाले, आणि तिसऱ्या दिवशी दूध पुन्हा नासलं. मग मला फोन. "अरे, गॅस पण भरला की रे आता!"

मी तिला एकच विचारलं, वर फ्रीझरमध्ये बर्फ होतोय का? म्हणाली, दगडासारखा होतोय, पहिल्यापासून. संपलं. गॅस गेलेल्या फ्रिजमध्ये बर्फ दगडासारखा होत नाही. गॅस गळाला की कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो, आणि वर-खाली दोन्हीकडे थंडावा हळूहळू जातो. शिवाय घरगुती फ्रिजच्या बोर्डाला गॅस मोजायचं साधनच नसतं. त्याला कळतं ते फक्त तापमान, तेही सेन्सर सांगेल तेवढंच. गॅस जाऊन आत गरम झालं तर काही मॉडेलं तापमानाचा इशारा देतात, एवढं मान्य करतो. पण लुकलुकणं म्हणजे गॅस, हे कुठल्या मॅन्युअलात लिहिलंय? E1 चा अर्थसुद्धा प्रत्येक कंपनीत वेगळा. दार उघडं राहिलं तरी काही डिस्प्ले लुकलुकतात. आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये R600a असतो, तो पेट घेणारा वायू आहे. कारण नसताना ती नळी कापून पुन्हा डाग द्यायला लावणं हा गंमतीचा खेळ नाही.

आता सेन्सरबद्दल. तो म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या टोपीतला थर्मिस्टर. गार झाला की त्याचा रोध वाढतो, गरम झाला की कमी होतो. बोर्ड तो रोध मोजतो आणि त्यावरून तापमान ठरवतो. वायर तुटली तर रोध अफाट दिसतो, वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्य. दोन्ही गोष्टी खऱ्या फ्रिजमध्ये शक्य नाहीत हे बोर्डाला ठाऊक असतं, म्हणून तो कोड दाखवतो. खरा घात होतो तो मधल्या अवस्थेत. सेन्सर चुकीचं सांगतो, पण पटण्यासारखं सांगतो. तेव्हा कोड येतच नाही, नुसतं दूध नासतं.

आत्याच्या घरी नेमकं हेच झालं होतं. डिस्प्लेवर ४ अंश दिसत होते, आणि मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवलेला थर्मामीटर सकाळी १४ दाखवत होता. जागतिक आरोग्य संघटना शिजवलेलं आणि नासणारं अन्न ५ अंशांच्या खाली ठेवायला सांगते, म्हणजे त्या फ्रिजला कपाटच म्हणायचं. प्लग काढला, सेन्सर बोर्डापासून सोडवला, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बारीक बर्फ आणि पाणी ढवळलेल्या ग्लासात १० मिनिटं बुडवून ठेवला. असा ग्लास म्हणजे शून्य अंश. तिच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलातल्या तक्त्यात शून्याला साधारण ३२ किलोओम होते. मीटर दाखवत होता ४२. जोडणीपाशी वायर हलवली की आकडा क्षणभर गायब. तेवढ्या क्षणी लुकलुकणं, तोच कोड.

टोपीतला थर्मिस्टर चांगला होता. वायरीच्या सांध्यात ओल जाऊन हिरवा गंज चढला होता आणि तो १० किलोओमची भर घालत होता. त्याच तक्त्यात ४ अंशांना साधारण २६ येतात. आत खरे १४ अंश असताना थर्मिस्टरचे १६ आणि गंजाचे १० मिळून तेवढेच भरायचे, आणि बोर्ड समाधानाने थंड हवा बंद करायचा. (तुमच्या फ्रिजचा तक्ता वेगळा असेल. काहींचा सेन्सर २५ अंशांना १० किलोओमचा असतो, काहींचा ५. माझे आकडे घेऊन स्वतःचा सेन्सर टाकून देऊ नका.)

सेटिंग सगळ्यात थंडवर करून पाहिलंच होतं तिने. १ अंशावर ठेवल्यावर आत ९ झाले. चूक तशीच राहिली, फक्त थोडी खाली सरकली. उलट्या बाजूला चुकणारा सेन्सर असेल तर याच उपायाने कोथिंबीर गोठून काळी पडेल.

२४ तास प्लग काढण्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने सांगतो. बोर्ड अडकला असेल तर १० मिनिटं बंद ठेवूनही सुटतो. आणि मागच्या कॉइलवरचा, म्हणजे डीफ्रॉस्टचा सेन्सर बिघडला असेल तर कॉइलवर बर्फाची भिंत साचते, हवा अडते, खालचा कप्पा गरम होतो. दिवसभर बंद ठेवलं की भिंत वितळते आणि फ्रिज काही दिवस छान चालतो. लोक "मला गुण आला" म्हणतात ते यामुळे. सेन्सर तोच असतो, भिंत परत उभी राहते.

पण ज्याने वायरी जोडायला सांगितलं त्याला मला भेटायचंय. ही युक्ती आली कुठून तेही माहितीये. जुन्या, गोल नॉबच्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅट म्हणजे साधा स्विच असायचा. त्याच्या वायरी जोडल्या की कॉम्प्रेसर सुरू व्हायचा आणि मेकॅनिकला कळायचं की थर्मोस्टॅट गेलाय. ती दोन मिनिटांची तपासणी होती, दुरुस्ती नव्हे. थर्मिस्टर स्विच नाही. त्याच्या वायरी जोडल्या म्हणजे रोध शून्य, म्हणजे बोर्डाच्या लेखी आत भट्टी पेटलीये. शहाणा बोर्ड कोड लावून बसेल, म्हणजे ज्यासाठी वायर कापली तेच परत. काही बोर्ड मग तापमान न बघता ठरावीक वेळ चालू-बंद करत राहतात आणि लोकांना वाटतं, जमलं! ज्या बोर्डाला ती चूक ओळखता येत नाही तो कॉम्प्रेसर दिवसरात्र पळवेल. डीफ्रॉस्ट सेन्सरच्या वायरी जोडल्या तर बोर्डाला कॉइल कायम गरम वाटेल, तिच्यावरचा बर्फ वितळवणारा हीटर लागणारच नाही, आणि बर्फाची भिंत आठवड्यात उभी.

आत्याचा सांधा मी कापला, नव्या सेन्सरला झाळ देऊन वरून आकसणारी नळी चढवली. सेन्सर काहीशे रुपयांचा. दुसऱ्या सकाळी ग्लासात ४ अंश. गॅसवाल्याला आत्याने फोन केला, तो म्हणाला, "बघा, गॅस आता बसला."