युती मोडली की पक्षांतरबंदी का लागत नाही?

कोल्हापुरात राजकारणावर गप्पा रंगल्या की एक प्रश्न हमखास येतो. निवडणूक एकाबरोबर लढवायची आणि सरकार दुसऱ्याबरोबर करायचं, मग यांना पक्षांतरबंदी लागत नाही का? नाही लागत. कारण 1985 साली 52व्या घटनादुरुस्तीने आलेली दहावी अनुसूची फक्त पक्ष ओळखते, युती ओळखत नाही. पूर्ण पक्षानेच बाजू बदलली तर या कायद्याच्या लेखी काहीच घडलेलं नसतं.

पण आधी सरकारं जुळतात कशी ते बघू. 2019 च्या विधानसभेत 288 जागा होत्या आणि बहुमताला 145 लागत होते. भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44. आता जोड्या लावून बघा. भाजप आणि सेना 161, भाजप आणि राष्ट्रवादी 159, भाजप आणि काँग्रेससुद्धा 149. म्हणजे तिघांपैकी कुणीही एक भाजपला पुरेसा होता. भाजपला वगळायचं तर तिघांनी एकत्र यायला हवं, बेरीज 154. उरलेले 29 जण सगळे भाजपकडे गेले तरी आकडा 134 वरच थांबत होता.

या गणितात 44 आमदारांची काँग्रेस आणि 56 आमदारांची सेना यांचं वजन सारखंच होतं. वाटाघाटीत जागा किती यापेक्षा तुमच्यावाचून कुणाचं अडतं याला किंमत असते. निम्म्याच जागा असलेल्या सेनेला मुख्यमंत्रिपदाचा आग्रह शेवटपर्यंत धरता आला, तो यामुळे. विचारधारा जुळत नाही म्हणून ही आघाडी होणार नाही, असं सांगणाऱ्यांनी ही बेरीज केली नव्हती, असं माझं मत आहे.

आता या रचनेत पक्षांतरबंदी काय करते? एकट्यादुकट्या आमदाराला ती बांधून ठेवते. स्वेच्छेने पक्ष सोडला किंवा व्हिप डावलून मत दिलं, अगदी गैरहजर राहिला तरी तो अपात्र ठरू शकतो. पक्षाने 15 दिवसांत माफ केलं तर सुटतो. त्यामुळे सौदा आमदारांशी न होता पक्षनेत्याशी होतो. पण व्हिप प्रत्येक पक्षाचा आपापला असतो, आघाडीचा व्हिप नावाची गोष्ट नाही. मित्रपक्षाला थांबवून ठेवायला मुख्यमंत्र्याच्या हातात कायद्याचं काहीही नसतं.

अपक्षांचं आणखी वेगळं. निवडून आल्यावर त्याने एखाद्या पक्षात रीतसर प्रवेश केला तर तो अपात्र ठरतो, नुसता पाठिंबा दिला तर नाही. आपल्या शिरोळचे राजेंद्र पाटील यड्रावकर 2019 ला अपक्ष निवडून आले, महाविकास आघाडीत राज्यमंत्री झाले आणि 2022 ला शिंदे यांच्याबरोबर गेले. पाठिंबा देणं आणि काढणं, दोन्ही अपक्षाला मोकळं आहे.

खरा पेच 2022 चा, शिंदे यांनी सेनेत बंड केलं तेव्हाचा. पूर्वी एक-तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून त्यांना संरक्षण मिळायचं. 2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद केली. उरलं विलीनीकरण: पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचा आणि त्याला दोन-तृतीयांश आमदारांची संमती हवी. सेनेचे तेव्हा 55 आमदार होते, म्हणजे 37 हवेत. शिंदे यांच्याकडे शेवटी 40 झाले. पण ते कशातच विलीन झाले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की आम्हीच मूळ पक्ष. फूट नाही, विलीनीकरण नाही, अशी ही तिसरी वाट कायद्याच्या मजकुरात कुठेच लिहिलेली नाही. 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्हिप काढणारा प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. मात्र उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता, म्हणून त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, हेही सांगितलं. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडेच राहिला. त्यांनी 10 जानेवारी 2024 ला विधिमंडळातल्या बहुमताच्या आधारे शिंदे गटाला खरा पक्ष ठरवलं आणि दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र केलं नाही.

निकाल कुणाला पटो न पटो, मला तारीख जास्त खटकते. अध्यक्ष स्वतः बहुमताच्या जोरावर निवडून येतो, आणि ज्यांच्या मतांवर ते बहुमत उभं आहे त्यांच्याच पात्रतेचा निवाडा त्याने करायचा. दहाव्या अनुसूचीत त्याला मुदतही घातलेली नाही. मणिपूरच्या प्रकरणात 2020 साली न्यायालयाने अपवाद वगळता तीन महिने ही मर्यादा सांगितली होती. इथे याचिका जून 2022 च्या. तीन महिन्यांच्या हिशेबाने निर्णय त्याच वर्षी सप्टेंबरच्या आसपास यायला हवा होता. तो आला तेव्हा विधानसभेची जेमतेम दहा महिन्यांची मुदत उरली होती.